सॉसच्या बाटलीत टोमॅटो किती?

अंकुशनगर साखर कारखान्याचं गाव. तरी सॉसमधली साखर आपल्या नजरेतून सुटते. बाटलीवरचं टोमॅटोचं चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. वजनाने जास्त असलेला घटक आधी छापावा लागतो. टोमॅटो पेस्टच्या आधी साखर असेल, तर त्यात पेस्टपेक्षा साखरच जास्त. स्टार्च किंवा १४२२, ४१५ हे क्रमांक दिसले, तर दाटपणा नुसत्या टोमॅटोचा नाही. ते विष नव्हे, पण टोमॅटोही नव्हे.

'अॅडेड शुगर' १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम असेल, तर तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ ग्रॅम सॉसमधून मुलाच्या पोटात सुमारे ११ ग्रॅम साखर जाते. चहाचे दोन चमचे भरून. म्हणून आम्ही म्हणतो, भाजीऐवजी पोळीला रोज सॉस लावू नका. टोमॅटोची चटणी वाटा. तिच्यातली साखर आपल्या हातात राहते.