रोज्यातला खट्टा आणि चिंचेचा कोळ

रमजानमध्ये दुपारी चारनंतर स्वयंपाकघरात एक अडचण रोज उभी राहते, आणि ती भुकेची नसते. रांधणाऱ्या बाईला चव पाहता येत नाही. फिकहच्या जाणकारांनी गरजेपुरती सवलत दिलेली आहे. जिभेच्या टोकावर थेंब घ्यावा, गिळू नये, थुंकून टाकावा. पण बऱ्याच घरांतल्या बायका ही सवलत वापरत नाहीत. रंग, वास आणि हाताचा अंदाज यांवरच त्या भागवतात. मिठाचा अंदाज बहुधा बरोबर निघतो, कारण मीठ वर्षभर एकाच चवीचं असतं. दगा देते ती चिंच.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत खट्टी दाल, बघारे बैंगन आणि मिरची का सालन हे तिन्ही पदार्थ चिंचेवर उभे असतात. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हैदराबादची आंबट चव इथे घरचीच झाली. शेजारच्या घरात तीच चिंच गुळाच्या जोडीने आमटीत पडते. पदार्थ वेगळे असले तरी दोन्हीकडे सुरुवात एकाच कामाने होते. चिंच भिजवायची, कोळायची, गाळायची. आणि चुकते तीही दोन्हीकडे सारखीच.

चूक अशी, की ‘लिंबाएवढी चिंच’ हे माप सगळे वापरतात. लिंबू केवढं, हा प्रश्न सोडून द्या. ती चिंच कोणती, हा खरा प्रश्न आहे. सध्या काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि हाच चिंच फोडण्याचा हंगाम. किराणा दुकानात एकीकडे गेल्या वर्षीची दाबलेली वडी असते, दुसरीकडे नुकती फोडलेली नवी चिंच. नवी तांबूस, मऊ आणि ओलसर असते. जुनी काळपट आणि कोरडी. जुनीतलं पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून तेवढ्याच वजनात तिच्यात आंबटपणा जास्त भरतो. शिवाय ती टिकावी म्हणून दाबताना बहुधा मीठ लावलेलं असतं. गेल्या आठवड्यात नव्या चिंचेची दाल केली आणि आज त्याच अंदाजाने जुनी वडी वापरली, तर इफ्तारच्या दस्तरख्वानावर पहिल्या घासालाच चेहरे आंबट होतात. तोवर दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो ‘हाताच्या चवी’च्या अभिमानाला थोडा टोचतो. चिंच मोजावी, आणि कोळही मोजून तयार करावा.

समजा, १०० ग्रॅम वडी घेतली. ती सुरीने कापू नये, बोटांनी मोकळी करावी. मोकळी करताना चिंचोके, टरफलाचे तुकडे आणि दोरासारख्या शिरा निघतात, त्या बाजूला काढाव्यात. ‘बिनबियांची’ म्हणून विकलेल्या वडीतही दोन-चार चिंचोके सापडतातच. याच वेळी वडी नीट बघून घ्यावी. अंगावर पांढरं काही दिसलं तर घाबरून फेकू नये, आणि न बघता वापरूही नये. मीठ असेल तर ते खड्यांसारखं चमकतं आणि पाण्यात विरघळतं. बुरशी कापसासारखी मऊ असते आणि तिला कुबट वास येतो. बुरशी दिसली तर तेवढाच भाग खरवडून उरलेली वापरण्याचा मोह टाळावा. बारीक भोकं आणि त्यांच्याशेजारी भुकटी दिसली तर आत कीड आहे. अशी वडी दुकानदाराला परत द्यावी.

मोकळी केलेली चिंच एका पाण्याने झटपट खळबळून घ्यावी, म्हणजे वरची धूळ आणि बरंचसं मीठ निघून जातं. मग ती स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात २०० मिली कोमट पाण्यात भिजत घालावी. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम हवं. घाई असली की उकळतं पाणी ओततात. त्याने चिंच लवकर मऊ होते हे खरं, पण कोळताना बोटं पोळतात, आणि हात आखडला की अर्धा गर चोथ्यातच राहतो. कोमट पाण्यात नव्या चिंचेला वीस मिनिटं पुरतात, जुन्या कोरड्या वडीला पाऊण तास लागतो. भिजली की नाही हे घड्याळाने नाही, बोटांनी कळतं. दोन बोटांत चिमटी धरून दाबल्यावर गर सरकला आणि शिर तेवढी हातात राहिली, म्हणजे झालं. मधे टणक गाठ लागली तर अजून दहा मिनिटं थांबावं.

आता कोळणं. मूठ उघड-झाप करत चिंच त्याच पाण्यात पिळायची. पाणी घट्ट, तांबूस आणि गुळगुळीत होतं. हा गुळगुळीतपणा चिंचेतल्या पेक्टिनचा, ज्यामुळे जॅम घट्ट होतो तेच हे. सालनाला जो अंग धरल्यासारखा दाटपणा येतो, त्यात याचाही वाटा असतो. मग मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळावं. चहाची बारीक गाळणी घेतली तर गर वर अडकतो आणि खाली नुसतं आंबट पाणी उतरतं. गाळणीवरचा चोथा हाताच्या तळव्याने किंवा पळीने दाबावा आणि गाळणीची खालची बाजूही निपटून घ्यावी. सगळ्यात दाट कोळ तिथेच चिकटलेला असतो.

इथे बहुतेक जण थांबतात आणि चोथा टाकून देतात. पण त्या चोथ्यात अजून चांगलाच आंबटपणा शिल्लक असतो. त्यावर आणखी ७०-८० मिली कोमट पाणी घालून पुन्हा पिळावं आणि पहिल्या कोळातच गाळावं. मग सगळा कोळ मापाच्या भांड्यात ओतून, कमी पडेल तेवढं साधं पाणी घालून तो बरोबर ३०० मिली करावा.

या शेवटच्या पायरीसाठीच हा सारा खटाटोप. १०० ग्रॅम चिंचेचा ३०० मिली कोळ झाला, म्हणजे १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात ५ ग्रॅम चिंच आली. जुन्या हिशेबातली लिंबाएवढी चिंच साधारण ३० ग्रॅम भरते, म्हणजे सहा चमचे. एक वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या खट्ट्या दालला पाच ते सहा चमचे पुरतात. अर्धा किलो वांग्यांच्या बघाऱ्या बैंगनला सहा चमचे, कारण शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचं वाटण आंबटपणा बराच झाकतं. घरची आवड यापेक्षा एखाद्या चमच्याने कमी-जास्त असेल. ती एकदा कळली की त्या वडीपुरती महिनाभर बदलत नाही. मग सून किंवा मुलगी “अम्मी, खट्टा कित्ता डालूं?” असं विचारते, तेव्हा ‘बघून घाल’ ऐवजी आकडा सांगता येतो.

वडी बदलली की मात्र पुन्हा पारख करावी लागते, आणि ती इफ्तारनंतर करता येते. जुन्या कोळातला एक चमचा चार चमचे पाण्यात, नव्यातला एक चमचा चार चमचे पाण्यात, आणि दोन्ही एकामागून एक चाखायचे. नवा जास्त आंबट वाटला तर दुसऱ्या दिवशी एक चमचा कमी. खारटपणाही त्याच घोटात कळतो. तो जाणवला तर सालनाचं मीठ हात राखून घालावं.

कोळ वापरण्याआधी दहा मिनिटं न हलवता ठेवावा. गाळणीतून निसटलेली बारीक रेती तळाशी बसते. वरचा कोळ अलगद ओतून घ्यावा आणि शेवटचा चमचाभर गाळ सोडून द्यावा. दिवसभराच्या उपवासानंतरच्या पहिल्या घासात दाताखाली खर आली, तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते.

कोळ कधी घालावा, हेही तितकंच महत्त्वाचं. डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच. आंबट पाण्यात डाळीचा दाणा मऊ होत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या. वांगीही आधी तेलात परतून मऊ झालेली असावीत. कोळ घातल्यावर आठ-दहा मिनिटं मंद उकळी द्यावी, म्हणजे कच्चट वास जातो. हा वास नाकाला कळतो, जिभेची गरज पडत नाही. बघाऱ्या बैंगनमध्ये तेल वर तरंगू लागलं की काम झालं असं समजावं.

मग बाटलीतल्या तयार पेस्टला काय झालं? वाईट असं काही नाही, पण कोळाच्या मापाने ती वापरता येत नाही. आटवून घट्ट केलेली असल्यामुळे एका चमच्याची ताकद प्रत्येक बाटलीत वेगळी असते. रंगही काळपट येतो, तांबूस पिवळी दिसायला हवी ती खट्टी दाल मातकट दिसते. पेस्ट निवडली जाते ती बहुतेक वेळा चवीसाठी नाही, दुपारच्या थकव्यामुळे. पण त्या थकव्याचा इलाज बाटलीत नाही. चिंच दुपारी चारला, रोज्यात असलेल्या एकाच बाईने कोळली पाहिजे असं कुठे लिहिलेलं आहे? तरावीहून परतलेली मुलं आणि पुरुषमंडळी मोबाइल बघत बसतात, तेव्हा त्यांच्यापुढे चिंचेचं भांडं ठेवता येतं. मूठ उघड-झाप करण्यासाठी सुगरण असावं लागत नाही, आणि त्या वेळी चवही पाहता येते.

असा कोळ काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत राहिलं तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस सहज राहतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर महिना निघतो. एका खणात दोन चमचे बसत असतील तर दालला तीन खडे, असा हिशेब होतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात मात्र तो ठेवू नये. चिंचेतलं आम्ल धातू खातं आणि तो धातू पोटात जातो.

याच गुणामुळे दोनदा पिळलेला चोथाही कामाचा आहे. चिमूटभर मीठ लावून तो तांब्याच्या देगचीला बाहेरून चोळावा, दोन मिनिटांनी धुवावा. ईदच्या आधी भांडी काढली जातात, तेव्हा काळी पडलेली देगची पुन्हा लाल दिसते.