गेटपर्यंत पोहोचवणारा मेल

'आपली मुलाखत सोमवारी सकाळी १० वाजता चाकण एमआयडीसी येथे आहे. सर्व मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे.' शुक्रवारी संध्याकाळी असा मेल उदगीरच्या एखाद्या डिप्लोमा झालेल्या मुलाला येतो आणि घरात आनंदाबरोबर धावपळही सुरू होते. चाकण एमआयडीसी म्हणजे काही पत्ता नव्हे. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे अशा कितीतरी गावांत ती पसरली आहे. रात्रभर एसटीने पुणे गाठून सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात उतरलेल्या मुलाने रिक्षावाल्याला सांगायचे तरी काय? फेज, प्लॉट क्रमांक, गाव, जवळची खूण आणि नकाशाची लिंक एवढे मेलमध्ये हवेच.

गेट कोणते, हेही हवे. मोठ्या कारखान्यात मालाचे गेट वेगळे, माणसांचे वेगळे. वॉचमनच्या रजिस्टरात नोंद, ओळखपत्र, पास यांत अर्धा तास सहज जातो. म्हणून वेळ अशी लिहावी : 'मंगळवार, १६ जून २०२६. सकाळी ९.३० वाजता गेट क्र. २ वर यावे. १० वाजता लेखी चाचणी, नंतर मुलाखत. दुपारी ३ पर्यंत काम संपेल.' वार आणि तारीख दोन्ही दिल्या की एकीतली चूक दुसरीमुळे लगेच कळते. संपण्याची वेळ कळली की परतीचे तिकीट काढता येते. नाही तर मुक्कामाचा खर्च अंगावर येतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो 'सर्व मूळ कागदपत्रे' या शब्दांनी. दहावीपासूनच्या गुणपत्रिका की फक्त शेवटच्या वर्षाची? पुढच्या प्रवेशासाठी मुलाने मूळ प्रती कॉलेजात जमा केल्या असतील, तर शनिवार-रविवारी त्या मिळणार कुठून? नेमकी नावे लिहावीत : डिप्लोमाच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार किंवा दुसरे ओळखपत्र, दोन फोटो. मूळ प्रती फक्त पाहून लगेच परत मिळतील आणि झेरॉक्सचा एक संच ठेवून घेतला जाईल, हेही सांगावे. मूळ प्रत हाती नसेल तर कॉलेजचे पत्र चालेल का, हे एका ओळीत लिहिले तर एखाद्याची संधी वाचते.

आणि फोन. उत्तर स्वीकारत नाही अशा पत्त्यावरून मेल पाठवायचा आणि खाली स्वागतकक्षाचा १० नंतर उचलला जाणारा नंबर द्यायचा, याला संपर्क म्हणत नाहीत. त्या सकाळी ८ पासून फोन उचलणाऱ्या माणसाचे नाव आणि नंबर द्यावा. मुलाखतीसाठी पैसे मागणारे बनावट मेल सर्रास येतात. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरूनच लिहावे आणि कोणतेही शुल्क नाही, हे स्पष्ट नोंदवावे.

एचआरमधल्या मंडळींना एवढीच विनंती, की हा मेल निदान चार दिवस आधी पाठवा आणि पाठवण्यापूर्वी चाकण कधीच न पाहिलेल्या सहकाऱ्याला एकदा वाचायला द्या.