चाकू लावणाऱ्याचा मालक कोण?

संध्याकाळपर्यंत चरत असलेला बैल सकाळी गोठ्यात मरून पडलेला दिसतो. पोट फुगलेले, नाकातून आणि गुदद्वारातून काळपट पातळ रक्त आलेले, ते रक्त साकळत नाही, आणि मेल्यावर अंग जसे ताठ व्हायला हवे तसे नीट होत नाही. पशुवैद्यकाच्या पुस्तकात ही लक्षणे अँथ्रॅक्सची म्हणून दिलेली असतात. आपल्याकडे त्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात. पुस्तकात त्यापुढचे वाक्य असते: असे जनावर फाडू नये. गावात मात्र त्यापुढचे वाक्य वेगळे असते: त्यांना बोलवा, ओढून न्यायला सांगा. ते ‘त्यांना’ म्हणजे कोण, हे या राज्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

फाडू नये असे का म्हणतात, ते आधी नीट समजून घेऊ, कारण आमचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

अँथ्रॅक्सचा जंतू जिवंत जनावराच्या रक्तात काडीच्या आकाराचा असतो आणि त्या रूपात तो फार चिवट नसतो. जनावर मेले आणि कातडी शाबूत राहिली, तर आत कुजण्याची क्रिया सुरू होते आणि त्यातच बहुतेक जंतू काही दिवसांत मरतात. पण रक्ताला हवा लागली की तोच जंतू स्वतःभोवती कवच घेतो. त्याला बीजाणू म्हणतात. बीजाणू उन्हाने मरत नाही, मीठ लावून मरत नाही, कातडे सुकवून मरत नाही. मातीत तो वर्षानुवर्षे पडून राहतो. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर 1942 साली ब्रिटिश लष्कराने या जंतूचा शस्त्र म्हणून प्रयोग केला. ते बेट माणसांसाठी सुरक्षित असल्याचे जाहीर व्हायला 1990 साल उजाडले, आणि तेही जमिनीवर फॉर्मल्डिहाइड फवारल्यानंतर.

म्हणजे मेलेल्या बैलाच्या अंगात जो रोग आपोआप संपत आला असता, त्याला कातडी सोलणारा चाकू नवे आयुष्य देतो. आणि तो चाकू ज्याच्या हातात असतो, त्याच्याच बोटावरच्या चिरेतून जंतू आधी आत शिरतो. एक ते सात दिवसांत तिथे खाजरी पुळी येते, तिची फोडी होते, मध्ये काळी खपली धरते आणि भोवती सूज चढते. एवढे होऊनही ती जखम फारशी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. वेळेवर पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळाले तर यातून जवळपास प्रत्येक जण वाचतो. उपचारच झाला नाही तर दहातले एकदोन जण दगावतात. तेच बीजाणू केसांच्या किंवा लोकरीच्या धुळीतून फुप्फुसात गेले, तर वाचणे फार अवघड होते.

आता कोणी म्हणेल, हे धोकादायक काम आहे, काळजी घ्यायला हवी, हातमोजे घालायला हवेत. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. धोका कामगाराच्या हातापर्यंत येऊ द्यायचा आणि मग त्याला हातमोज्यांचा उपदेश करायचा, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग जगाने शंभर वर्षांपूर्वी वापरून पाहिला आहे आणि तो यशस्वी झाला आहे.

इंग्लंडमधले ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. एकोणिसाव्या शतकात तिथे मोहेर, अल्पाका, उंटाचे केस असा माल परदेशातून गाठोड्यांनी येऊ लागला. गाठोडे सोडून हाताने लोकर निवडणारे कामगार धडधाकट असताना दोनचार दिवसांत छातीत भरून मरू लागले. त्या रोगाला लोक ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ म्हणत. 1880 च्या सुमारास जॉन बेल या डॉक्टरांनी दाखवून दिले की हा अँथ्रॅक्सच आहे. मग नियम आले: गाठोडी ओली करून उघडा, धूळ खेचून घेणारे पंखे लावा, रक्त लागलेली लोकर बाजूला काढा. हे नियम सगळे कारखान्याच्या आतले होते. मृत्यू कमी झाले, पण थांबले नाहीत. सुकलेल्या रक्ताचा डाग लोकरीत दरवेळी डोळ्यांना दिसतोच असे नाही.

शेवटी फ्रेडरिक युरिक हे जंतुशास्त्रज्ञ आणि एल्महर्स्ट डकरिंग हे कारखाना निरीक्षक यांच्या कामातून एक वेगळी पद्धत उभी राहिली. माल आधी कोमट साबण-सोड्याच्या पाण्यात धुवायचा, म्हणजे रक्ताची खपली मऊ पडून बीजाणू उघडे पडतात, आणि मग तो फॉर्मल्डिहाइडच्या कोमट द्रावणातून काढायचा. 1919 साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा झाला आणि 1921 साली लिव्हरपूल बंदरात सरकारी निर्जंतुकीकरण केंद्र सुरू झाले. धोक्याचा माल बंदरातच धुतला जाऊ लागला. कामगाराने काय घालावे, कसे वागावे, हा प्रश्नच मागे पडला. जंतूला त्याच्यापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, असे ठरले.

त्या केंद्रात सक्तीने धुतल्या जाणाऱ्या मालात एक माल हिंदुस्थानातून येणारे बकरीचे केस हा होता. ब्रॅडफर्डच्या कामगाराच्या नाकात ते जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने पैसा ओतला. ज्यांनी इथे ते केस कापले, मेलेल्या बकरीचे उपटले, गाठोड्यात बांधले, त्यांच्यापर्यंत मात्र लिव्हरपूलचे ते पाणी पोहोचत नव्हते. ज्ञान एकच होते, माल एकच होता, जंतू एकच होता. माणसे वेगळी होती.

ब्रुसेलोसिसची गोष्टही अशीच आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउताराचा ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 साली त्याचा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला 1905 साल उजाडले. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी बकऱ्यांचे रक्त तपासले आणि दिसायला ठणठणीत असलेल्या बकऱ्यांमध्ये हा रोग सापडला. त्यांच्या दुधातून तो उतरत होता. 1906 साली लष्कराच्या छावण्यांत आणि इस्पितळांत बकरीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरचे सामान्य लोक मात्र दारात बकरी पिळून घेऊन तेच कच्चे दूध पीत राहिले. त्यांच्यासाठी दूध निर्जंतुक करणारे सरकारी केंद्र 1938 साली आले. सैनिक आणि रहिवासी यांच्यामध्ये बत्तीस वर्षांचे अंतर पडले.

आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत आहे आणि उकळी आली की हा जंतू मरतो. त्यामुळे धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांनी तेवढे सोडले तर पिणाऱ्याचे बरेचसे संरक्षण होते. पण गाय गाभडते तेव्हा काय होते? मेलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. ते उघड्या हाताने उचलणारी, शेण काढणारी, गोठा धुणारी बाई बहुतेक वेळा मालकीण नसते, रोजावर आलेली मजूर असते. पुढे तिला संध्याकाळी ताप येतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. दवाखान्यात टायफॉइड म्हणतात, मलेरिया म्हणतात, कधी क्षय म्हणतात. गोठ्यात काम करता का, गाय गाभडली होती का, एवढे दोन प्रश्न विचारले तर रक्ताची साधी चाचणी सुचते. उपचार सहा आठवडे दोन औषधांचा असतो. मध्येच सोडला तर ताप उलटतो. सहा आठवडे नियमाने दवाखाना करायचा म्हणजे किती दिवसांची मजुरी बुडवायची, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

या देशात कायदाच नव्हता असे नाही, आणि हीच सगळ्यात बोचरी गोष्ट आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्याला झालेला अँथ्रॅक्स हा कामामुळे झालेला रोग मानला. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अँथ्रॅक्स हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. पण नुकसानभरपाईसाठी मालक लागतो आणि नोंदीसाठी कारखाना लागतो. गावातले ढोर ओढणाऱ्याचा मालक कोण? बैल ज्याचा होता तो म्हणतो, मी नोकरीवर ठेवलेले नाही. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या आकृतिबंधात हे पद नाही. जात हा असा मालक आहे की तो काम करून घेतो आणि कोणत्याच कागदावर सही करत नाही.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून द्या असे सांगितले. ज्यांनी ते ऐकले त्यांच्यावर गावांनी बहिष्कार टाकले. 2016 साली उनामध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्यांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर गुजरातमध्ये लोकांनी मेलेली जनावरे उचलणे थांबवले आणि सुरेंद्रनगरला ती थेट जिल्हाधिकारी कार्यालयासमोर नेऊन टाकली. तेव्हा सगळ्यांना दिसले की या कामासाठी सरकारकडे माणसे, गाडी, जागा यांपैकी काहीच तयार नव्हते. सगळी व्यवस्था एका जातीच्या हातांवर चालत होती.

म्हणून जनजागृतीची पत्रके आम्हाला पुरेशी वाटत नाहीत. ओडिशाच्या कोरापूटसारख्या भागात मेलेल्या जनावराचे मांस खाऊन आदिवासी अँथ्रॅक्सने आजारी पडतात, तेव्हा बातम्यांत अज्ञानाला दोष दिला जातो. पण ज्याचे जनावर मेले त्याला त्या जनावराचा मोबदला मिळत नसेल, तर मांस आणि कातडे हाच त्याचा उरलेला मोबदला असतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जनावर अचानक मेले तर ते फाडण्याआधी पशुवैद्यकाने त्याच दिवशी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासावा. संशय खरा ठरला तर मालकाला जनावराची पूर्ण भरपाई मिळावी, म्हणजे कातडे वाचवायची कोणाला गरजच उरणार नाही. मेलेले जनावर उचलणे, जाळणे किंवा खोल पुरणे ही ग्रामपंचायतीची, यंत्राने करायची, पगारी जबाबदारी असावी. जिथे रोग आला त्या गावात दरवर्षी पावसाळ्याआधी जनावरांना लस द्यावी. आणि गोठ्यात राबणाऱ्या बाईला ताप आला तर तिची ब्रुसेलाची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट व्हावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागायची वाट पाहावी लागत नाही. लिव्हरपूलने गाठोडे कामगाराच्या हाती द्यायच्या आधी धुतले. आपल्या गावात ते गाठोडे अजून ठरलेल्या हातांतच दिले जाते.