आधी पिसू, मग ताट, शेवटी धूळ

गेल्या वर्षी जानेवारीत शेजारच्यांनी माझ्यासमोर एक रिपोर्ट ठेवला. त्यांचा चार वर्षांचा लॅब्राडॉर दोन वर्षांपासून सतत खाजवत होता. रात्री त्याच्या पंजे चाटण्याच्या आवाजाने घरच्यांची झोपमोड व्हायची. शेपटीच्या मुळाशी केस गळून कातडी काळी पडली होती, कानांना वास येत होता. दर दीड-दोन महिन्यांनी एक इंजेक्शन दिले जाई, पंधरा दिवस शांतता आणि पुन्हा तेच. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी रक्ताची ‘अ‍ॅलर्जी टेस्ट’ करून घेतली. कोंबडी, गहू, तांदूळ, बटाटा, दूध, धुळीतले कीटक, गवत अशा लांबलचक यादीत अकरा नावांपुढे खूण होती. ‘‘डॉक्टर, आता याला खायला घालायचं तरी काय?’’ हा त्यांचा प्रश्न.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याचे निदान आणि औषध पशुवैद्यकानेच करायचे. पण हा प्रश्न मला परका नव्हता. अंगावर पित्त उठलेले रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात असेच रिपोर्ट घेऊन येतात आणि खुणेच्या भीतीने निम्मे जेवण सोडून बसलेले असतात. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. कुत्र्यांच्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीबाबत तर रक्ताच्या चाचण्या भरवशाच्या नाहीतच. ठणठणीत कुत्र्यांच्या रिपोर्टवरही खुणा येतात. तरीही या चाचण्या विकल्या जातात आणि घेतल्या जातात, कारण त्या उत्तर लगेच हातात देतात. खरे उत्तर मिळायला चार-सहा महिने लागतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच शोधावे लागते: आधी पिसू, मग ताट, शेवटी धूळ.

पिसू पहिली, कारण तिचा निकाल सर्वांत सोपा आणि खात्रीचा. इथे पहिला घोटाळा शब्दांचा होतो. ‘‘याच्या अंगावर एकही गोचीड नाही,’’ असे लोक सांगतात. गोचीड कातडीला चिकटून फुगते, ती दिसते. पिसू चपटी, चपळ, केसांतून पळणारी. जिला पिसवांची अ‍ॅलर्जी आहे त्या कुत्र्याला खाज सुटते ती पिसवेच्या लाळेमुळे, आणि त्यासाठी मोजके चावेही पुरतात. शिवाय खाजणारा कुत्रा दातांनी त्या टिपून गिळून टाकतो. म्हणून पिसू दिसली नाही यावरून पिसू नाही असे ठरत नाही. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून कंबरेवरचे केस बारीक फणीने विंचरा. पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. खाजेची जागाही बोलते. कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू हे पिसवेचे ठिकाण. घरातल्या माणसांच्या घोट्यांभोवती लाल ठिपके उठत असतील तर संशय आणखी पक्का.

पण कण सापडले नाहीत तरी उपचार करायचाच. पिसवांच्या एकूण संख्येत कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांचा वाटा फार थोडा असतो. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गादीत, सोफ्याच्या फटींत, पायपुसण्याखाली असतात. कोश तर औषधाला दाद न देता आठवडेच्या आठवडे थांबून राहू शकतात. म्हणून एकदा औषधी शॅम्पूने अंघोळ घातली आणि संपले असे होत नाही. पशुवैद्यकाने सांगितलेले औषध घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना, खंड न पाडता, किमान तीन महिने द्यावे लागते. सोबत अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि फटींतला केर काढणे. कुत्र्याचे औषध मांजराला परस्पर लावू नये. त्यातले परमेथ्रिन मांजरासाठी जीवघेणे ठरते. कुत्र्याला पूर्वी फिट आल्या असतील तर तेही आधी सांगावे, कारण पिसवांच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी निकालात काढायच्या. पहिली खरूज. कानांच्या कडा आणि कोपरे खाजत असतील, आणि कुत्र्याला कुशीत घेणाऱ्यांच्या हातांवर व पोटावर पुरळ उठत असेल, तर ती अ‍ॅलर्जी नसून खरजेचा किडा असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यक आणि तुमचा डॉक्टर या दोघांनाही एकमेकांकडची गोष्ट कळली पाहिजे. दुसरी म्हणजे खाजवून झालेला जंतूंचा आणि यीस्टचा संसर्ग. त्याची स्वतःची खाज वेगळी असते. तो बरा न करता पुढचे काहीही मोजता येत नाही.

शेजाऱ्यांना पशुवैद्यकांनी एक वही करायला सांगितली. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. सुरुवात आठवर होती. कानांचा आणि कातडीचा संसर्ग बरा केला, पिसवांचे औषध सुरू झाले आणि सहा आठवड्यांनी आकडा सहावर आला. शेपटीच्या मुळाशी केस उगवू लागले. म्हणजे पिसवांचा वाटा होता, पण सगळा दोष त्यांचा नव्हता. औषध चालू ठेवून पुढचा टप्पा सुरू झाला.

दुसरा टप्पा ताटाचा, आणि बहुतेक घरे इथेच हरतात. ‘‘आठवडाभर चिकन बंद केलं, फरक नाही पडला,’’ हे वाक्य पशुवैद्यकांना रोज ऐकावे लागत असेल. आठवडा पुरत नाही. पोटाची तक्रार लवकर सुधारते, कातडीला वेळ लागतो. परीक्षा आठ आठवड्यांची असते. त्या काळात कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टान्न द्यायचे, किंवा ज्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात असे खास खाद्य. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेली पिशवी हा त्याला पर्याय नाही. कुत्र्यांत बहुतेक वेळा अपराधी ठरतात ते गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू, म्हणजे रोजच्या ताटातलेच पदार्थ.

या कुत्र्याचे आयुष्य चिकन-भात आणि दूध-पोळीवर गेले होते. मासा त्याने कधी चाखला नव्हता. म्हणून काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळे ठरले. तिसऱ्या आठवड्यात आकडा पाचवर आला आणि अचानक सातवर गेला. चौकशीअंती कळले की आजी रोज दुपारी त्याला तूप लावलेल्या पोळीचा तुकडा देत होत्या. ‘‘एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय!’’ तो तुकडाच कारण होता की आणखी काही, हे त्या दिवशी सांगता आले नाही. पण हिशेब बिघडला आणि आठ आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले. मांसाची चव दिलेली जंताची गोळी, चघळायची हाडे, कामवाल्या बाईंनी प्रेमाने दिलेले बिस्किट, हे सगळे याच खात्यात जमा होते.

दुसऱ्या खेपेला आठ आठवड्यांनी आकडा तीनवर स्थिरावला. घरचे खूश झाले आणि तिथेच थांबणार होते. थांबले असते तर चूक झाली असती. सुधारणा ताटामुळे झाली की ऋतू बदलल्यामुळे, हे अजून कुणालाच माहीत नव्हते. सप्टेंबरात पथ्य सुरू करा, पावसाळा ओसरून हवेतली बुरशी कमी होईल आणि श्रेय ताटाला जाईल. म्हणून जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे हा या परीक्षेचा अर्धा भाग आहे. त्यांनी चिकन दिले. चौथ्या दिवशी आकडा सातवर. चिकन बंद केल्यावर दहा दिवसांत पुन्हा तीन. मग दूध-पोळी दोन आठवडे दिली. काहीही झाले नाही. आजी निर्दोष सुटल्या. रिपोर्टवरच्या गहू आणि दुधाच्या खुणा खोट्या निघाल्या.

उरलेला तीनचा आकडा जूनच्या अखेरीस पाचवर गेला. आता खाज पुढच्या पंजांना, काखेत आणि कानांच्या आतल्या बाजूला होती, कंबर स्वच्छ होती. पिसवांचे औषध चालू, चिकन बंद, संसर्ग नाही. म्हणजे राहिली ती हवेतली अ‍ॅलर्जी: घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते, आणि ही खाज सुरू झाली तेव्हा हा दोन वर्षांचा होता. केवळ जागा पाहून मात्र हे निदान करता येत नाही, कारण अन्नाची अ‍ॅलर्जीही अगदी याच जागा पकडते. आधीची दारे बंद केल्यावर जे उरते त्याला हे नाव द्यायचे.

रक्ताच्या किंवा कातडीवरच्या चाचणीला खरी जागा मिळते ती इथे, सर्वांत शेवटी. निदान झाल्यावर, कोणत्या घटकांची लस देऊन शरीराला सवय लावायची हे ठरवण्यासाठी. त्या लसीचा गुण यायला अनेक महिने लागतात आणि प्रत्येक कुत्र्याला तो येतोच असे नाही. तोवर आठवड्याची अंघोळ, फिरून आल्यावर पाय पुसणे आणि खाज दाबणारी नवी औषधे. हा आजार आयुष्यभर सांभाळायचा असतो.

एकाच कुत्र्यात तिन्ही कारणे निघाली याचे आश्चर्य वाटू नये. खाजेची बेरीज होते. पिसू आणि चिकन वजा केल्यावर उरलेली धूळ त्याला सोसण्याजोगी झाली. आज वहीत दोन-तीन आकडा असतो आणि घर रात्री झोपते.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनला माझा सरसकट विरोध नाही. रक्त येईपर्यंत ओरबाडणाऱ्या जनावराला थोडे दिवस आराम देणे योग्यच. पण त्याने पिसवांची आणि धुळीची खाज सारखीच शमते, त्यामुळे कारण कळत नाही, आणि वर्षानुवर्षे देत राहिल्यास तहान, वजन आणि संसर्ग वाढतात. म्हणून पुढचे इंजेक्शन किंवा महागडी चाचणी यांना होकार देण्यापूर्वी पशुवैद्यकाला दोन प्रश्न विचारा: तीन महिने पिसवांचा बंदोबस्त सलग झाला आहे का? आठ आठवड्यांचे पथ्य आणि त्यानंतरची उलट परीक्षा झाली आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चाचणीचे पैसे सध्या खिशातच राहू द्या आणि एक वही विकत आणा.