नाव नोंदवलंय ना? मग या

समुपदेशकाची वेळ घेतली आहे, पण दिवस जवळ आला तशी फोन करून रद्द करावीशी वाटते आहे, अशा प्रत्येकासाठी हे आवाहन आहे. वेळ घेतलेली नाही, नंबर नुसता मोबाइलमध्ये साठवून ठेवला आहे, त्यांच्यासाठीही आहे. मी एका जिल्ह्याच्या गावी समुपदेशनाचं काम करते. आमच्या वहीत नाव लिहून न येणारी माणसं कायम असतात. ती का आली नाहीत हे पुढे कधीतरी कळतं, कारण त्यातली बरीच जण काही महिन्यांनी येतातच. तोवर झोप पार उडालेली असते, कामावर बिनपगारी रजा पडलेल्या असतात, घरात अबोला असतो, कुणी रोज संध्याकाळी प्यायला लागलेला असतो. हे मधले महिने वाचवता येतात. त्यासाठी मिळालेली वेळ पुढे ढकलू नका.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य, चिंता यांसारखे सर्रास आढळणारे त्रास असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते, असं तिच्यात दिसलं. सगळ्यांना भीतीनंच अडवलं असं मी म्हणणार नाही. कुणाच्या तालुक्यात डॉक्टरच नाही, कुणाचा रोज बुडतो. पण दार शंभर पावलांवर असूनही आत न येणारे मी पाहते, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्याशी.

भीती कुठून येते हे आपल्याला ठाऊक आहे. चिडवताना ‘याला येरवड्याला टाका’, ‘ठाण्याला न्या’ असं म्हणतच आपण मोठे झालो. तिथली सरकारी मनोरुग्णालयं आपल्या बोलण्यात उपचारांची जागा म्हणून आलीच नाहीत, शिवी म्हणून आली. त्यामुळे ‘मी समुपदेशकाकडे जाऊन येतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःलाच ती शिवी ऐकू येते. मग बहिणीचं स्थळ मोडेल, साहेबांना कळेल, शेजारची काकू विचारेल, अशी रांग लागते. यातलं काहीच अगदी खोटं नाही. लोक बोलतात. पण खोलीत नेमकं काय घडतं हे ठाऊक नसल्यानं माणूस उरलेली जागा स्वतःच्या कल्पनेनं भरतो, आणि ती कल्पना शेजारच्या काकूपेक्षा भयंकर असते. म्हणून आत काय घडतं तेवढं मोकळेपणानं सांगते.

पुढचा माणूस कुणी एक नाही. चार-पाच जणांचे तपशील मिसळून मी तो उभा केला आहे. पस्तिशीतला, एका पतसंस्थेत रोखपाल. दोन महिने रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ईसीजी काढला, नीट आला. फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, ‘हृदय ठणठणीत आहे, एकदा समुपदेशकाकडे जाऊन या.’ तो आला तो हेल्मेट हातात धरूनच बसला. बाहेर भरायच्या कागदावर नाव, वय, फोन आणि ‘गरज पडल्यास कुणाला कळवायचं’ असा एक रकाना होता. तो रकाना पाहून त्याला घाम फुटला. हे सगळं बायकोला कळवणार, असं त्यानं धरून घेतलं आणि रकाना कोरा ठेवला.

आत आल्यावर पहिली पाच-सात मिनिटं समुपदेशकच बोलतो. बैठक पाऊण ते एक तासाची, फी किती, पुन्हा कधी यायचं आणि इथलं बोलणं कुठे जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २३ नं आपल्या मानसिक आरोग्याबद्दलची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या मालकानं फोन केला म्हणून ती द्यायची नसते. सख्ख्या भावानं विचारलं तरी तुमच्या संमतीशिवाय सांगायची नसते. या गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्याही सुरुवातीलाच सांगायला हव्यात: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गप्प बसता येत नाही. त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ तेवढाच होता. हे ऐकल्यावर त्यानं हेल्मेट खाली ठेवलं.

मग ‘काय त्रास होतो?’ असं विचारलं. तो म्हणाला, ‘तसं काही नाही, डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आलो.’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की त्याचं आम्हाला काहीच वाटत नाही. तुम्हीही खुशाल म्हणा. पुढचे प्रश्न साधेच असतात. झोप किती वाजता लागते, भूक कशी आहे, कामात चुका होतात का, आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला झालं होतं का. तो वीस मिनिटं फक्त रोजच्या रोकडीचा हिशेब कसा जुळत नाही ते सांगत राहिला. त्याला कुणी थांबवलं नाही. सगळं आयुष्य पहिल्याच दिवशी ओतून द्यायचं नसतं. सासर-माहेरचं, पैशाचं, शरीरसंबंधांचं काही सांगावंसं वाटत नसेल तर ‘यावर आज नको’ एवढंच म्हणायचं. भावाच्या कर्जाला तो जामीन राहिला होता आणि हप्ते थकले होते, हे त्यानं तिसऱ्या खेपेला सांगितलं. तोवर काही अडलं नव्हतं.

मध्ये एक प्रश्नावली दिली जाते. नैराश्यासाठी बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ वापरतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहा किंवा जास्त झाले तर अधिक नीट तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून कुणी तुमच्यावर शिक्का मारत नाही, आणि कुणी मारत असेल तर तो चुकतो आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. आमच्या रोखपालानं आठ सोडवले आणि नववा सोडून दिला. म्हणून तो तोंडी विचारला. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, ‘कधी कधी वाटतं, नकोच हे सगळं.’

इथे सगळ्यात जास्त लोक खोटं बोलतात, कारण पुढे पोलीस येतील किंवा कोंडून ठेवतील असं वाटतं. असा विचार बोलून दाखवला म्हणून पोलीस येत नाहीत. प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र ताणाखाली होता असंच धरावं, त्याच्यावर खटला भरू नये, असं त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं. रोखपालाला विचारलं ते एवढंच: काही ठरवलं आहे का, कसं, घरात तसं साधन आहे का, आजवर कशानं थांबलात. काही ठरवलेलं नव्हतं. मग विचार पुन्हा आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे दोघांनी मिळून एका कागदावर लिहिलं आणि तो कागद त्याच्या पाकिटात गेला. बायकोचं नाव त्यानं स्वतःच घातलं. ठरवलेलं असतं, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि त्याला सांगूनच घरच्यांना बोलावलं असतं.

गोळ्यांच्या भीतीबद्दलही सांगते. समुपदेशक गोळ्या देत नाही, त्याला तो अधिकार नाही. औषधाची गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे त्या विषयातल्या एम.डी. डॉक्टरांकडे पाठवतो. काही त्रासांत आधी तिथेच जायला हवं. नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा रात्रीमागून रात्री झोप नसूनही अंगात भलताच उत्साह असेल, तर समुपदेशनाची वाट पाहत बसू नका.

पहिल्या बैठकीनंतर हलकं वाटेल, असं कुणी सांगितलं असेल तर तेही पूर्ण खरं नाही. काहींना वाटतं. बऱ्याच जणांना त्या संध्याकाळी उलट जड वाटतं, आणि ‘परक्या माणसासमोर आपण इतकं बोललो’ याची लाज वाटते. जखम धुतली की थोडा वेळ जास्तच चुरचुरते, तसं ते आहे. दुसरी वेळ रद्द करणारे फोन त्याच संध्याकाळी येतात. निर्णय चार दिवसांनी घ्या.

समुपदेशक चुकीचा निघू शकतो, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल सांगते आहे. पाटी लावून बसलेला प्रत्येक जण शिकलेला असतोच असं नाही. शिक्षण काय, कुठे झालं, हे बेधडक विचारा. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. पहिल्याच तासात प्रवचन दिलं, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक बघा’ म्हणून दटावलं, एका बैठकीत बरं करण्याची हमी दिली किंवा दुसऱ्या कुणाची ओळख पटेल अशी हकिगत सांगितली, तर तिथे परत जाऊ नका. तिथे न जाणं म्हणजे समुपदेशन सोडणं नव्हे. दुसरा माणूस शोधा.

आता घरच्यांना एक विनंती आहे. ‘डोळे तपासायला जाऊ’ असं सांगून कुणाला आमच्याकडे आणू नका. असं आणलेला माणूस खुर्चीत बसतो, पण बोलत नाही, आणि पुढे खऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तुमच्याबरोबर येत नाही. खरं सांगा, बरोबर या, बाहेर थांबा आणि परतताना ‘काय काय बोललास?’ असं विचारू नका. चहा प्या आणि घरी जा.

ज्यांना कुणी पाहील याचीच धास्ती आहे, त्यांच्यासाठी टेलिमानस आहे. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतो. शेताच्या बांधावरून बोला किंवा गच्चीवरून. समोर बसायचं असेल आणि पैशाची अडचण असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे केसपेपर काढायचा असतो, इतर कुठल्याही आजारासाठी काढतात तसाच.

मरणाचे विचार आत्ता, या घडीला जोर करत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. एकटे राहू नका, जवळच्या माणसाला हाक मारा, १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. बाकीच्यांनी एवढंच करावं: घेतलेली वेळ रद्द करण्यासाठी फोन उचलू नका. काय बोलायचं ते सुचत नसेल तर कागदावर तीन ओळी लिहून आणा. तेही जमलं नाही तर ‘मला काय बोलावं कळत नाही’ असं म्हणा. पुढचे प्रश्न आम्ही विचारू.