टीव्हीचं चित्र घरच्या घरी नीट लावा

टीव्ही घरी आला तेव्हा तो बहुधा ‘व्हिव्हिड’ मोडवर होता. दुकानाच्या झगझगाटात चित्र उठून दिसावं म्हणून तो मोड असतो. घरी मात्र त्यात कसोटी सामन्यातल्या खेळाडूंच्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसेनाशा होतात आणि रात्रीच्या प्रसंगात काळे केस अंधारात मिसळून जातात. हे घरीच दुरुस्त करता येतं, तेही फुकट.

‘AVS HD 709’ नावाच्या चाचणी-चित्रांच्या फाइली इंटरनेटवर मोफत आहेत. त्यातली MP4 आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. हे काम रात्री, नेहमी टीव्ही बघताना जेवढा उजेड ठेवता तेवढ्यातच करा. आधी ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ मोड निवडा, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ करा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीज वाचवणारा इको मोड बंद करा. हे दोन्ही चालू राहिले तर टीव्ही स्वतःच उजेड बदलत राहतो आणि तुमचं मोजमाप फसतं.

आता ‘Black Clipping’ लावा. काळ्या पडद्यावर आकडे लिहिलेले उभे पट्टे लुकलुकतात. व्हिडिओत काळा रंग 16 वर आणि पांढरा 235 वर धरलेला असतो. म्हणून 16 पर्यंतचे पट्टे दिसू नयेत आणि 17 चा जेमतेम जाणवावा. समजा ब्राइटनेस 50 वर आहे आणि पहिला दिसणारा पट्टा 21 चा आहे. मग 17 ते 20 मधला तपशील अंधारात गेला. ब्राइटनेस एकेक अंकाने वाढवा. 16 च्या आतले पट्टेही दिसू लागले, तर काळा रंग राखाडी झाला. तेव्हा मागे या. सोनीच्या बऱ्याच नव्या टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड असतो. तिथे ‘ब्लॅक लेव्हल’ हलवा.

मग ‘White Clipping’. इथे 234 पर्यंतचे पट्टे लुकलुकताना दिसायला हवेत. न दिसल्यास कॉन्ट्रास्ट कमी करा. कॉन्ट्रास्ट हलवला की काळाही थोडा सरकतो, म्हणून पहिलं चित्र पुन्हा तपासा.

खरी गफलत पुढे होते. पेनड्राइव्हवर केलेलं सेटिंग अनेक टीव्हींत फक्त यूएसबीपुरतंच राहतं. फ्री डिशचा बॉक्स एचडीएमआय किंवा एव्हीवर असतो, तिथे जुनंच सेटिंग चालू राहतं. आकडे कागदावर लिहून त्या इनपुटवर पुन्हा भरा. बॉक्सला यूएसबी असेल आणि तो व्हिडिओ चालवत असेल, तर फाइल बॉक्समधूनच लावून तपासा; ते जास्त खात्रीचं.

व्हाइट बॅलन्सच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांना मात्र हात लावू नका. डोळा रंगाला लगेच सरावतो, ते काम मोजयंत्राशिवाय होत नाही. ‘वॉर्म’मुळे सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. म्हणून लगेच ‘व्हिव्हिड’वर परतू नका, आठवडाभर तसंच बघा आणि मगच ठरवा.