डॉक्टरांनी सांत्वनाचं पत्र लिहावं, पण तेवढ्यावर थांबू नये

आपल्याकडे कुणी गेलं की निरोपांचा पूर येतो. उठावण्याला बाहेरगावच्या संघांचे, संस्थांचे शोकसंदेश वाचले जातात, ज्यांनी त्या माणसाला दोनदा पाहिलं असेल त्यांचेसुद्धा. त्या ढिगात एका माणसाचा निरोप सहसा नसतो. शेवटचे दिवस रोज दोन वेळा खाटेपाशी येऊन गेलेल्या डॉक्टरचा.

मला वाटतं, डॉक्टरांनी दोन ओळी लिहाव्यात. पण नुसतं लिहून भागत नाही, क्वचित त्याने त्रासही वाढतो, हेही मला पटलेलं आहे. आमच्याच घरातलं सांगते.

माझे जेठजी गेल्या वर्षी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात न्यूमोनियाने गेले. नऊ दिवस आयसीयूत होते. भद्रावतीहून जाणं-येणं म्हणजे वरोऱ्यावरून निदान अडीच तास, म्हणून जाऊबाई तिथेच बाहेरच्या बाकावर राहिल्या. जेठजी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्याकडून मेसेज आला: पणतीचं चित्र, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली दवाखान्याचं नाव, बोधचिन्ह, चौकशीचा नंबर. दुकानाची दिवाळीची शुभेच्छा येते तसाच. जाऊबाईंनी तो पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या एकटीच्या नंबरवर दुसरा आला, स्वतः डॉक्टर साहेबांचा. त्यात त्यांनी लिहिलं होतं की, काका पहिल्या दिवशी शुद्धीवर होते तेव्हा त्यांनी पाणी उकळलेलं आहे ना हे विचारलं होतं आणि जेवण सूर्य मावळायच्या आत द्या असं नर्सला बजावलं होतं, ते लक्षात राहिलं. पुढे लिहिलं होतं, 'त्यांना आणण्यात तुम्ही उशीर केला असं मला वाटत नाही.' शेवटी आपलं नाव.

जाऊबाई ते वाचून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. पण संध्याकाळी घरात दुसरीच चर्चा सुरू झाली. 'आपण विचारलं नव्हतं, मग उशिराचा विषय यांनी का काढला? काही चुकलं असेल, म्हणून आधीच सारवासारव.' एका चांगल्या वाक्याचा असा अर्थ निघतो, कारण समोर विचारायला माणूस नसतो.

हे फक्त आमच्या घरचं संशयी डोकं नाही. फ्रान्समध्ये 22 आयसीयूंनी मिळून याची नीट परीक्षाच घेतली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले. मृतांच्या 242 नातेवाइकांपैकी काहींना मृत्यूनंतर सुमारे पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं सांत्वनपत्र पाठवलं, काहींना नाही. कुणाला पाठवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. सगळ्यांची अपेक्षा होती की पत्र मिळालेले लवकर सावरतील. झालं उलटंच. सहा महिन्यांनी पत्र मिळालेल्यांमध्ये 52 टक्के लोकांना त्या प्रसंगाच्या धक्क्याची लक्षणं होती, न मिळालेल्यांमध्ये 37 टक्के. उदासीही जास्त होती. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की पुष्कळांना पत्राने बरंच वाटलं होतं, पण काहींच्या मनात शंका उठल्या होत्या.

मी कॉमर्सची, त्यामुळे आकडा वाकडा आला की खातं बंद करून टाकायची माझी सवय नाही. त्याच मंडळींनी पुढे 34 आयसीयूंमध्ये दुसरा प्रयोग केला, 2022 चा. या वेळी पत्रावर भर नव्हता, तीन भेटींवर होता. माणूस आता वाचणार नाही हे दिसल्यावर डॉक्टर आणि नर्स घरच्यांना बसवून तसं सांगत. मग शेवटच्या तासांत खोलीत येऊन घरच्यांना भेटत. आणि मृत्यूनंतर पुन्हा एकदा भेटून सांत्वन करत, राहिलेले प्रश्न ऐकत. सहा महिन्यांनी, ज्यांचं दुःख अजिबात हललं नव्हतं असे लोक नेहमीच्या पद्धतीत 21 टक्के होते, तीन भेटींच्या पद्धतीत 15. फार मोठा फरक नाही, पण दिशा सरळ आहे.

म्हणजे कागद वाईट नव्हता. एकटा कागद कमी पडला. पत्र आठवण जागी करतं आणि तिथेच सोडून जातं.

आमच्याकडेही गाठ सुटली ती भेटीनेच. पुतण्याने त्याच मेसेजला उत्तर लिहून वेळ मागितली. जाऊबाईंनी वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून नेले: चौथ्या दिवशी ते बोलत होते, मग एकदम काय झालं, व्हेंटिलेटरला आपण हो म्हटलं नसतं तर, शेवटी त्यांना कळत होतं का. डॉक्टर साहेबांनी वीस मिनिटं दिली. चौथ्या दिवशी रात्री जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचं तपासणीत दिसलं, त्याच्या आधी दिसण्यासारखं नव्हतं, हे त्यांनी केसपेपर समोर ठेवून दाखवलं. तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, 'झोपेचं औषध चालू होतं, त्रास जाणवत नसावा. पण ऐकू येत नव्हतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही.' जाऊबाई रोज कानाशी नवकार म्हणत होत्या. त्यांना एवढं पुरलं. केसपेपरची नक्कल मागितली तर 72 तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठी 2002 पासूनचा नियमच आहे, ती मागण्यात भांडण नाही.

आता डॉक्टर का लिहीत नाहीत? वेळ नसतो हे एक. भीती हे मोठं कारण. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले, आणि तेव्हापासून 'वाईट वाटतं' हे लिहिलं तर उद्या कोर्टात 'चूक कबूल' असं वाचलं जाईल, असं त्यांना वाटतं. तोडफोडीची भीती वेगळीच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1986 सालीच कायदा केला की सहानुभूतीचे शब्द चुकीचा पुरावा धरायचे नाहीत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. मग निदान आपण घरात तरी 'मला दुःख आहे' आणि 'माझ्याकडून चूक झाली' ही दोन वाक्यं वेगळी ठेवावीत. पुतण्याच्या मित्रांनी त्या मेसेजचा फोटो वकिलाला दाखवायचा सल्ला दिला होता, तो मला मुळीच आवडला नाही. खरोखर शंका असेल तर केसपेपर दाखवावेत, सांत्वनाचा मेसेज नव्हे.

आणि डॉक्टर मंडळींना, कुणाच्या सुना-मुली डॉक्टर असतीलच, त्यांना सांगा: मेसेज जी व्यक्ती बाकावर बसली होती तिला पाठवा, कुटुंबाच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर आजाराचं नाव गेलं की दुपारपर्यंत ते सगळ्या गावात होतं, आणि काही आजारांची नावं घरच्यांनी मुद्दाम झाकलेली असतात. गेलेल्याचं नाव लिहा, 'आपला रुग्ण' नको. उपचारांचा पाढा मेसेजमध्ये नको, तो समोर बसून. बिलाची बाकी असेल तर तिचा मेसेज त्याच नंबरवरून, त्याच दिवशी नको. आणि शेवटची ओळ अशी असावी की 'काही विचारायचं असेल तर अमुक वारी अमुक वेळी मी भेटेन'. 'केव्हाही या' असं लिहिलं की कुणी येत नाही.